बुद्धिबळाच्या मोहऱ्यांचे वय : आकार, द्रव्य आणि बुडातील भार



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांना जुन्या वस्तूंचा आणि त्याहूनही अधिक जुन्या वस्तूंविषयीच्या खऱ्या माहितीचा ध्यास होता, असे संयोजकांनी मला कळविले, आणि म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी मी एक लहानसा, परंतु शोधकाची परीक्षा पाहणारा विषय निवडला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, एखाद्या पेटीत किंवा थैलीत बुद्धिबळाचा जुना डाव पडलेला असतो, आणि तो कोणाचा असे विचारले की, आजोबांच्या आजोबांचा, पेशवाईतला, अमुक सरदाराने इनाम दिलेला, असे उत्तर मिळते. ते उत्तर देणारा असत्य बोलत असतो असे मुळीच नव्हे. घराण्याची आठवण वस्तूला नेहमीच शक्य तितके मागे नेऊन ठेवते, एवढाच त्याचा अर्थ. मग त्या वस्तूलाच विचारून तिचे वय काढता येईल काय? येईल, परंतु एका मर्यादेत. आणि ती मर्यादा नेमकी कोणती, हेच आज मला सांगावयाचे आहे.

मोहऱ्याच्या वयाविषयी तीन साक्षीदार असतात : त्याचा आकार, तो ज्या द्रव्याचा घडविला ते द्रव्य आणि त्याच्या बुडात घातलेला भार. या तिघांच्या जबान्या घेताना एक नियम ध्यानी धरावा लागतो. यांपैकी कोणीही ‘मी अमुक वर्षी जन्मलो’ असे सांगत नाही. प्रत्येक जण एवढेच सांगू शकतो की, ‘मी अमुक वर्षाच्या आधीचा नव्हे’. नवी गोष्ट निघाल्यावर ती वस्तूत उतरते, परंतु जुनी गोष्ट तिच्यामागून शेकडो वर्षे चालू राहू शकते. म्हणून वस्तूत जे सर्वांत नवे असेल तेच तिच्या वयाची खालची सीमा ठरविते, आणि जुनेपणाच्या कितीही खुणा एकत्र केल्या तरी त्या एका नव्या खुणेला खोडून काढू शकत नाहीत. हा नियम विसरल्यामुळेच जुन्या डावांविषयीचे बहुतेक घोटाळे होतात.

प्रथम आकार घेऊ. आपल्याकडील पारंपरिक कातीव मोहरे बुटके, रुंद बुडाचे आणि घुमटाकार असत. राजा व वजीर जवळजवळ एकाच घडणीचे असून राजा थोडा उंच. हत्ती बुटक्या घुमटासारखा, उंट टोकदार, घोड्याच्या डोक्याला एका बाजूस कललेला नाकाडा आणि प्यादे म्हणजे लहानसा शंकू, अशी ही रचना असे. सजीवांच्या प्रतिमा टाळण्याची मुसलमानी परंपरा या साधेपणामागे आहे हे खरे, परंतु कातारीच्या हत्याराला सोपा जाणारा आकार हेही तितकेच मोठे कारण आहे. हे मोहरे जमिनीवर बैठक घालून, कापडी पटावर खेळण्यासाठी घडविलेले असत. मऊ पटावर उंच, सडपातळ मोहरा हलक्याशा धक्क्यानेही कलंडतो, बुटका मात्र भार नसतानाही स्थिर राहतो. आता पाहा, हा आकार इतका सोयीचा आणि इतका चिवट होता की, दीडशे-दोनशे वर्षांच्या अंतराने घडलेले दोन डाव शेजारी मांडले तरी केवळ घुमटावरून त्यांतला थोरला कोण व धाकटा कोण हे ओळखता येत नाही. सावंतवाडीची लाखकामाची परंपरा याच कुळातली. तेथे हलके लाकूड कातून, ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि मोहऱ्यावर चकचकीत वळी उमटतात. अशा डावांवरून प्रदेश कळतो, हात कळतो, परंतु साल कळत नाही.

इंग्रजी पद्धतीच्या मोहऱ्यांचा प्रकार निराळा आहे, कारण तेथे दस्तऐवज उपलब्ध आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात निरनिराळ्या घाटांचे डाव चालत. कोणाचा राजा थरांवर थर रचल्यासारखा, कोणाच्या अंगावर कणसासारखी कोरीव नक्षी, आणि एका घाटावर खेळणाऱ्याला दुसऱ्या घाटावर मोहरेच ओळखू येत नसत. १ मार्च १८४९ रोजी नाथानियल कुक याने एक नवा घाट इंग्लंडातील नोंदणीदप्तरात रुजू केला. लंडनच्या जेक्स नावाच्या पेढीने तो त्याच वर्षाच्या सप्टेंबरात विक्रीस काढला, आणि त्या काळचा अग्रगण्य खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन याने आपले नाव त्याला दिले. राजाच्या मुकुटावर क्रूस, वजिराच्या मुकुटाला कंगोरे, उंटाच्या माथ्यावर तिरकस खाच, हत्तीच्या जागी बुरूज आणि ग्रीक शिल्पातील अश्वमुखासारखा घोडा, ही आपण आज सर्वत्र पाहतो ती मोहऱ्यांची घडण तेव्हापासूनची. ही तारीख आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. ज्या डावाचे मोहरे या घाटाचे आहेत तो डाव १८४९ च्या आधीचा असूच शकत नाही. आणि पेशवाई १८१८ साली संपली. म्हणजे ‘पेशवेकालीन’ म्हणून दाखविल्या जाणाऱ्या कित्येक डावांचा निकाल केवळ एका दृष्टिक्षेपात लागतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पश्चिम हिंदुस्थानात इंग्रजी रीतीचा खेळ त्याआधीच पोहोचला होता; त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतातून इंग्रजीत उतरविलेला, युरोपीय खेळपद्धतीशी जुळता केलेला बुद्धिबळावरील ग्रंथ १८१४ साली मुंबईतच छापला गेला. तेव्हा युरोपीय धाटणीचा डाव म्हणजे १८४९ नंतरचाच, असे सरसकट विधान करता कामा नये. स्टॉन्टन घाटाविषयीच ते करावे.

या घाटातल्या सहा प्रकारांपैकी पाच कातणीवर होतात, उंटाची खाच किंवा वजिराचे कंगोरे यांपुरते काय ते कोरावे लागते. घोडा मात्र कातता येत नाही, तो संपूर्ण कोरावाच लागतो, आणि त्यामुळे पेढीचे सर्वांत कसबी हात त्याच्यावर खर्ची पडत. खर्च वाचवावयाचा झाला की पहिली कात्री घोड्यालाच लागते. म्हणून डाव हाती आला की मी प्रथम घोडा पाहतो. जुन्या, उत्तम घोड्यात आयाळीचे केस वेगवेगळे कोरलेले, नाकपुडी उघडलेली, जबड्याखाली सावली पडेल अशी खोल कोरणी असते; उत्तरोत्तर घोड्यांत हे काम कमी होत जाते, आयाळ चार-पाच सरळ चिरांवर येते आणि जबडा मानेला चिकटून जातो. यावरून दशक ओळखणारे रसिक आहेत. पण मी इतकेच म्हणेन की, घोडा काळाचा कल सांगतो, तारीख सांगत नाही, कारण स्वस्त डाव प्रत्येक काळात निघत असत आणि स्वस्त डावाचा घोडा प्रत्येक काळात ओबडधोबडच असे.

दुसरा साक्षीदार द्रव्य. जेक्स पेढीच्या चांगल्या डावांत पांढरे मोहरे बॉक्सवुड नावाच्या पिवळसर, दाट लाकडाचे आणि काळे आबनुसाचे असत. आबनूस महाग, म्हणून हलक्या डावांत काळे मोहरेही बॉक्सवुडचेच करून त्यांवर काळा रंग चढवीत. हे ओळखणे सोपे आहे, कारण बुडाच्या काठावर झिजलेल्या जागी खालचे पिवळे लाकूड डोकावते, आबनुसात मात्र झीज कितीही झाली तरी काळेपणा आतपर्यंत असतो. शिसवीच्या तपकिरी मोहऱ्यांचा बाजार आपल्या देशात आज अमृतसरच्या कारागिरांनी भरला आहे. पूर्वी तेथे हस्तिदंत कोरणारे कुशल हात होते. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद होत गेला तसतसे ते लाकडाकडे वळले. त्यामुळे इंग्रजी घाटाचा, शिसवीचा डाव समोर आला तर तो बहुधा नवा, असे मानून पुढे चालावे आणि उलट पुरावा सापडला तरच मागे यावे.

हस्तिदंताविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात मोठ्या प्रमाणावर येई व तेथून देशात आणि परदेशी जाई. त्यामुळे ठाणे-कोकणाच्या पट्ट्यात घरोघरी हस्तिदंताचे म्हणून मोहरे दाखवितात. त्यांपैकी पुष्कळ हाडाचे असतात. भिंग घेऊन पाहिले असता हाडात बारीक काळे ठिपके आणि रेषा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या खुणा होत. हस्तिदंतात त्या नसतात. उलट हत्तीचा दात आडवा कापलेल्या जागी, म्हणजे मोहऱ्याच्या बुडाशी, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांचे जाळे दिसते, आणि दाताच्या बाह्य भागात त्यांचा कोन काटकोनाहून बराच मोठा असतो. मोहऱ्याचा पिवळेपणा मात्र वयाचा दाखला मुळीच नव्हे. हस्तिदंत अंधारात, पेटीत राहिला की पिवळा पडतो, उजेडात राहिला की पांढरा राहतो. आणि चहाच्या पाण्यात बुडवून एका रात्रीत पिवळेपणा आणता येतो, हे फसविणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संशय खरोखर निवारावयाचा असेल तर प्रयोगशाळेचा एक मार्ग आहे. १९५०च्या दशकापासून अणुस्फोटांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनाचे प्रमाण वाढले, ते त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक प्राण्याच्या देहात उतरले; म्हणून ज्या दातात ते वाढीव प्रमाण आढळते तो दात १९५० नंतर वाढलेल्या हत्तीचा होय. ही कसोटी डावाचा घडणकाळ सांगत नाही, दाताचा सांगते. तथापि जुना म्हणून विकलेला नवा डाव उघडा पाडण्यास तेवढी पुरते. येथेच एक इशारा देतो : १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्या देशात निषिद्ध आहे, आणि डाव वारशाने घरात असला तरी त्याविषयीचे नियम वनखात्याकडून समजून घेणे हिताचे.

आता तिसऱ्या साक्षीदाराकडे येतो. तो बुडाशी दडलेला असल्यामुळे लोक त्याच्याकडे पाहत नाहीत आणि फसविणारेही बहुधा त्याला विसरतात, म्हणून त्याची जबानी मला सर्वांत विश्वसनीय वाटते. टेबलावर, ताठ बसून, लाकडी पटावर खेळण्याची रीत आली तेव्हा उंच मोहरे सोयीचे झाले; आणि उंच मोहऱ्याला स्थैर्य देण्यासाठी बुडाला गोल खळी पाडून तीत शिसे बसवू लागले, त्यावर बनातीचा किंवा फेल्टचा तुकडा चिकटवू लागले. स्टॉन्टन घाटाच्या भारी डावांबरोबर ही चाल रुळली. म्हणून जुन्या घुमटाकार देशी डावाच्या बुडात शिसे सापडले तर ते बहुधा मागाहून घातलेले आहे, असा संशय प्रथम घ्यावा.

फेल्ट न काढताही आतील भार मोजता येतो. समजा, पावणेनऊ-नऊ सेंटिमीटर उंचीचा बॉक्सवुडचा राजा आहे. मापाचे भांडे खसखशीने काठोकाठ भरावे, मग ती काढून, राजा आत ठेवून, पुन्हा खसखस भरावी. जितकी खसखस उरली तितके राजाचे घनफळ. ते ३८ घनसेंटिमीटर भरले असे धरू. दाट बॉक्सवुडचे वजन घनसेंटिमीटरला सुमारे ०.९५ ग्रॅम, म्हणजे केवळ लाकूड असते तर राजा ३६ ग्रॅम भरला असता. तराजू मात्र ६१ ग्रॅम दाखवितो. शिसे घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम भरते, म्हणून लाकडाच्या जागी बसलेले प्रत्येक घनसेंटिमीटर शिसे वजनात सुमारे १०.३५ ग्रॅम वाढ करते. वाढ २५ ग्रॅम, म्हणजे शिसे सुमारे २.४ घनसेंटिमीटर, दोन सेंटिमीटर व्यासाची, पाऊण सेंटिमीटरहून किंचित जाड अशी चकती. ही माहिती हाती आली की पुढचा प्रश्न विचारता येतो : हा भार शिशाचाच आहे काय? लोहचुंबक बुडाशी नेऊन पाहावे. तो ओढला गेला तर आत लोखंड आहे, आणि लोखंडी भार हे अलीकडच्या कामाचे लक्षण होय. शिसे चुंबकाला जुमानत नाही. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी जुने शिसे बंद पेटीत पांढऱ्या भुकटीसारखे कुजते व फुगते, आणि बूड तडकते. तडकलेल्या बुडाच्या भेगेत ती पांढरी भुकटी दिसली तर शिसे बरेच जुने असल्याचे धरावे, आणि हात साबणाने धुवावेत, कारण ती विषारी आहे.

हे सर्व प्रत्यक्षात कसे जुळते ते एका डावावरून सांगतो. ठाणे जिल्ह्यातील एका घरी मला हा डाव पाहावयास मिळाला. घरच्यांची श्रद्धा अशी की, तो एका पेशवाई सरदाराकडून आला. मोहरे स्टॉन्टन घाटाचे, बॉक्सवुड व आबनुसाचे. येथेच १८१८ चा प्रश्न मिटला. दोन्ही राजांच्या बुडाच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत ‘जेक्स लंडन’ असा ठसा होता. जेक्स पेढीच्या प्रारंभीच्या डावांत हा ठसा सामान्यतः पांढऱ्या राजावरच असे, आणि दोन्ही राजांवर तो १८६० च्या दशकाच्या प्रारंभापासून येऊ लागला; म्हणजे डावाची खालची सीमा १८४९ वरून तेथपर्यंत सरकली. घोड्यांची कोरणी खोल आणि बारकाईची होती, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाला शोभणारी.

परंतु काळ्या घोड्यांपैकी एक बाकीच्यांशी जुळत नव्हता. आयाळ सरळ चिरांची, जबडा मानेला लागलेला आणि बुडाचा काठ खरवडलेल्या जागी तपकिरी. तो शिसवीचा, काळा रंगविलेला होता. चुंबक लावताच तो ओढला गेला, इतर तिन्ही घोडे स्तब्ध राहिले. खेळ लिहून ठेवण्याच्या जुन्या इंग्रजी पद्धतीत राजाच्या बाजूचा घोडा व बुरूज वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांच्या माथ्यावर लहानसा मुकुट ठशाने उठवीत असत. काळ्या बाजूच्या अस्सल घोड्यावर तो मुकुट नव्हता, म्हणजे हरवला तो राजाच्या बाजूचा घोडा. शेवटी सगळे मोहरे उलटे करून जंबुपार दिव्याखाली धरले, तेव्हा बत्तीसही बुडांचे फेल्ट निळसर झगमगले. कापडाला पांढरेपणा आणणारी ही झगमगती रसायने विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास प्रचारात आली. याचा अर्थ, घोडा बदलला त्याच वेळी किंवा त्यानंतर कोणीतरी सगळ्या बुडांचे फेल्ट बदलले होते. या भिवंडीत कापडाचा जन्म जाणणारे लोक बसले आहेत. कापड आपली तारीख स्वतःच्या रसायनात घेऊन फिरते, हे त्यांना वेगळे सांगावयास नको.

निर्णय मी असा लिहून दिला : डाव १८६० च्या दशकाच्या प्रारंभानंतरचा, बहुधा त्याच शतकातला, लंडनच्या पेढीचा, एक काळा घोडा मागाहून बदललेला, फेल्ट विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे किंवा नंतरचे. यात ‘बहुधा’ हा शब्द एकाच ठिकाणी आहे, आणि तो तेथेच हवा, कारण त्या ठिकाणी पुरावा नव्हे तर कल बोलतो. घराण्यातील आठवण यामुळे खोटी पडली असे मला वाटत नाही. सरदाराच्या वंशजाकडून एखादा इंग्रजी डाव नंतर या घरी आला असणे शक्य आहे, आणि ती गोष्ट मोहरे सांगू शकत नाहीत, कागदच सांगू शकतात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी खेळाच्या जुन्या वस्तूंचा जो संग्रह आहे, तो पाहताना आपण याच दृष्टीने पाहावे, असे मी सुचवितो : आकाराला प्रदेश विचारावा, द्रव्याला व्यापार विचारावा आणि बुडाला काळ विचारावा. आपल्या घरी डाव असेल तर दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. जुने फेल्ट काढून नवे चिकटवू नका, कारण त्याबरोबर सरेस, जुने कापड आणि आतील शिशाची अवस्था हा सारा पुरावा नाहीसा होतो. आणि मोहऱ्यांना तेल-पॉलिश लावून झीज बुजवू नका, कारण काळा मोहरा आबनुसाचा की रंगविलेला हे त्या झिजेतूनच कळते. हरवलेल्या मोहऱ्याच्या जागी नवा करून घेतला तर त्याच्या बुडाशी पेन्सिलीने साल लिहा आणि पेटीत एक चिठ्ठी ठेवा : कोणता मोहरा, कोणत्या लाकडाचा, कोणी व केव्हा घडविला. डावाच्या वयाचा निर्णय करण्यात आज आपल्याला जेवढे कष्ट पडतात, त्यांतील निम्मे कष्ट अशी एक चिठ्ठी नसल्यामुळे पडतात, आणि ती लिहिण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची गरज लागत नाही.